सतरा तफावती आणि एक टक्केवारी

मार्च संपत आला की घाऊक औषध विक्रेत्यांच्या गोदामांत वार्षिक मोजदादीची गडबड सुरू होते. एक-दोन दिवस बिलिंग बंद राहते, रॅकपुढे शिड्या लागतात, एक जण मोठ्याने आकडे सांगतो आणि दुसरा यादीवर खुणा करत जातो. संगणकावरची शिल्लक आणि प्रत्यक्ष माल यांत जे फरक निघतात ते 'ॲडजस्ट' केले जातात, ताळेबंदासाठी साठ्याची रक्कम मिळते आणि १ एप्रिलला दोन्ही बाजू जुळलेल्या असतात. मग जूनमध्ये एखाद्या दुकानदाराचा फोन येतो. ऑर्डर घेणारा मुलगा पडद्यावर बारा पेट्या पाहून 'आहे, पाठवतो' म्हणतो आणि रॅकवर नऊच निघतात.

तीन पेट्या कुठे गेल्या हा एक प्रश्न झाला. असेच आणखी किती ठिकाणी झाले असेल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुढच्या मार्चपर्यंत थांबून चालत नाही. म्हणून चांगल्या गोदामांत वर्षभर अधूनमधून थोड्या मालाची अचानक मोजणी होते. चारदोन तासांचे काम असते आणि धंदा बंद ठेवावा लागत नाही. पण या मोजणीतून 'आमची अचूकता ९८ टक्के' असा आकडा काढून भिंतीवर लावणे जितके सोपे, तितकेच तो आकडा पूर्ण चुकीचा असणेही सोपे आहे. कोणता माल मोजायला घेतला, कशाला चूक म्हटले आणि थोड्यावरून सगळ्याचा अंदाज कसा बांधला, या तीन जागी बहुतेक घोटाळे होतात.

फरक किती मोठा असू शकतो, याचे एक मोजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. निकोल डिहोरेशस आणि अनंत रामन या संशोधकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. २००८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ टक्के नोंदी चुकलेल्या निघाल्या. कंपनी बारकोड, संगणक, वार्षिक मोजदाद असे सगळे बाळगणारी होती. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्याही नव्हत्या. महाग वस्तूंच्या नोंदी तुलनेने बऱ्या होत्या, तर ज्यांची उलाढाल जास्त त्यांच्यात चूक जास्त होती. गोदामातली चूक अशी ठिकठिकाणी साचते, आणि नमुना निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते.

समजा, एका घाऊक औषध विक्रेत्याचे गोदाम आहे. संगणकावर ३,६०० नोंदी आहेत. एक नोंद म्हणजे एका औषधाची एक बॅच, कारण एकाच गोळीच्या दोन बॅचची मुदत वेगळी असते आणि मोजायचा एकक नेमका ठरला नाही तर पुढची सगळी टक्केवारी सैल राहते. एखादा म्हणेल 'औषध मोजले, बरोबर निघाले', आणि त्याच औषधाच्या दोन बॅच एकमेकींत मिसळलेल्या असतील. म्हणून मोजणी नोंदीची, औषधाच्या नावाची नव्हे, हे पहिल्यांदा लिहून ठेवलेले बरे.

आता या ३,६०० मधून मोजायला कोणत्या घ्यायच्या? मोजणाऱ्यावर सोडले तर तो कमरेच्या उंचीवरचे रॅक घेतो. तिथला माल रोज हाताळला जातो, मांडणी नीट असते, पेटीवरची अक्षरे समोर दिसतात. माळ्यावरची धूळ बसलेली खोकी, जिन्याखाली सरकवलेला माल आणि परतीसाठी बाजूला काढलेल्या स्ट्रिपा त्याच्या यादीत येत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. गोदामाचे तसे नाही. पुढचा रॅक आणि माळा यांना सारखी आच लागलेली नसते. म्हणून निवड माणसाच्या हातून काढून घ्यावी लागते.

सगळ्या नोंदींची यादी स्प्रेडशीटमध्ये घेऊन शेजारच्या रकान्यात `=RAND()` हे सूत्र भरायचे, आलेले आकडे 'व्हॅल्यू' म्हणून गोठवायचे, त्या रकान्याने यादी लावायची आणि वरच्या हव्या तितक्या नोंदी उचलायच्या. गोठवण्याची पायरी सोडू नये, कारण हे सूत्र शीटमध्ये काहीही बदलले की नवे आकडे देते. तसे झाले तर नावडती नोंद गळेपर्यंत पुन्हापुन्हा यादी काढत बसण्याची सोय आपोआप होते.

बऱ्याच ठिकाणी दुसरी रीत चालते. ३,६०० पैकी १२० नोंदी हव्यात, म्हणजे दर तिसावी नोंद. १ ते ३० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १७ आला, तर १७, ४७, ७७ असे पुढे जायचे. ही पद्धत सुटसुटीत आहे आणि बहुतेक वेळा ठीक चालते. पण यादी रॅकच्या क्रमाने असेल आणि प्रत्येक रॅकला तीसच खाने असतील, तर प्रत्येक वेळी सतराव्याच खान्याची पाळी येते. तो खाना नेमका मधल्या फळीवरचा असला तर वरच्या आणि खालच्या फळ्यांचे काय चालले आहे ते वर्षभर कळणार नाही. यादी औषधांच्या नावाच्या अकारविल्हेने लावून घेतली तर हा धोका जातो.

यादीतून निवडलेला नमुना आणखी एका बाबतीत आंधळा असतो. जो माल गोदामात आहे पण संगणकावर नाहीच, तो कोणत्याही यादीतून निवडला जाऊ शकत नाही. म्हणून लेखापरीक्षक दोन्ही दिशांनी मोजतात. काही नोंदी यादीवरून घेऊन रॅककडे जातात आणि काही माल रॅकवरून उचलून यादीत शोधतात. पहिल्या दिशेने 'कागदावर आहे, जागेवर नाही' हे सापडते, तर दुसऱ्या दिशेने 'जागेवर आहे, कागदावर नाही' हे. दुसऱ्या दिशेसाठीही हात लागेल तो माल घ्यायचा नाही. रॅक आणि खान्याचा क्रमांक चिठ्ठीने काढायचा आणि त्या खान्यात जे असेल ते सगळे मोजायचे. या दोन मोजण्यांचे निकाल एकत्र करून एक टक्केवारी काढू नये. दोन्हींचा पाया वेगळा आहे. पुढे जी टक्केवारी येईल ती यादीकडून रॅककडे केलेल्या मोजणीची आहे.

गोदामातल्या मालाची किंमत सारखी नसते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली मांडलेली अ-ब-क वर्गवारी आजही सगळीकडे वापरली जाते. थोड्याच वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला असतो, तो अ वर्ग. मधला ब. आणि संख्येने भरपूर पण किमतीने किरकोळ तो क. आपल्या गोदामात अ वर्गात ३०० नोंदी आहेत, ब मध्ये ८०० आणि क मध्ये २,५००. औषधांच्या धंद्यात या वर्गवारीला एक पुरवणी जोडावी लागते. मॉर्फिनसारखी अमली द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधे रकमेने लहान असली तरी त्यांचा हिशेब स्ट्रिपगणिक आणि ॲम्प्युलगणिक लागतो. ती नमुन्यात टाकायची नाहीतच, प्रत्येक वेळी सगळी मोजायची.

मोजणीसाठी अ वर्गातून ६०, ब मधून ४० आणि क मधून ५० अशा १५० नोंदी चिठ्ठीने निवडल्या. इथे अनेकांना एक खटकते. अ मधल्या ३०० पैकी ६० म्हणजे पाचवा हिस्सा आणि क मधल्या २,५०० पैकी जेमतेम ५०, हे कसे चालेल? प्रत्यक्षात अंदाज किती पक्का हे मुख्यतः नमुना किती मोठा यावर ठरते, तो एकूण साठ्याचा कितवा भाग आहे यावर फारसे नाही. २,५०० मधून घेतलेल्या ५० आणि २५,००० मधून घेतलेल्या ५० जवळजवळ सारखीच माहिती देतात. 'दहा टक्के माल तपासा' हा कार्यालयांतला आवडता नियम म्हणूनच फसवा आहे. लहान गोदामात तो फार कमी तपासतो आणि मोठ्या गोदामात विनाकारण माणसे राबवतो.

निवड झाल्यावर मोजणीची शिस्त येते. मोजणाऱ्याच्या हातात दिलेल्या कागदावर औषध, बॅच आणि जागा एवढेच असावे, संगणकावरची शिल्लक नसावी. कागदावर १२० छापलेले असेल तर ११८ मोजणारा माणूस पुन्हा मोजतो, १२० मोजणारा पुढे जातो, आणि घाईतला माणूस न मोजताच १२० लिहितो. दुसरे म्हणजे मोजणीच्या क्षणी मालाची हालचाल थांबलेली हवी, निदान त्या खान्यांपुरती. अकरा वाजता बिल झाले, माल पॅकिंगच्या टेबलावर आहे आणि सव्वाअकराला मोजणी झाली, तर रॅकवर कमीच भरेल, पण ती चूक नव्हे. अशा उघड्या बिलांची यादी मोजणीआधी काढून ठेवली की निम्मी भांडणे मिटतात.

फरक सापडला की तो दुसऱ्या माणसाने फेरमोजावा, हे सगळेच करतात. त्यात एक पक्षपात लपलेला असतो. फरक आलेल्या नोंदीच फेरमोजल्या तर मोजणाऱ्याच्या चुकीमुळे 'चुकलेली' ठरलेली नोंद सुटते, पण त्याच्याच चुकीमुळे 'बरोबर' ठरलेली नोंद तशीच राहते. अचूकता हळूच वर सरकते. जुळलेल्यांपैकीही थोड्या नोंदी फेरमोजल्या की मोजणाऱ्याचा हात किती खरा आहे तेही कळते.

नमुना कितीही वाढवला तरी मोजण्याच्या रीतीतला दोष जात नाही, हे भारतीय संख्याशास्त्राने फार पूर्वी, शेतात शिकून घेतले आहे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचे नमुना-सर्वेक्षण करत होते. शेतातला छोटा तुकडा आखून त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून हेक्टरी उतारा काढायचा, अशी ती पद्धत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसते, कारण सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. असे हजार छोटे तुकडे कापले तरी तेच फुगलेले उत्तर अधिक ठामपणे मिळते. गोदामात अर्धवट भरलेली पेटी 'पूर्ण' धरणारा मोजणारा नेमके हेच करत असतो.

आता चूक म्हणजे काय? हे मोजणीआधी ठरले नाही तर मोजणीनंतर सोयीने ठरते. अ वर्गात एका स्ट्रिपचाही फरक म्हणजे चूक. कापसाच्या गुंडाळ्या, हातमोजे, सिरिंजा असल्या हजारोंनी येणाऱ्या क वर्गातल्या मालाला दोन टक्क्यांपर्यंतची सूट देता येते, कारण त्याहून बारीक मोजायला लागणारा वेळ त्या मालाच्या किमतीहून महाग पडतो. ही सूट देणे गैर नाही, पण ती आधी लिहिलेली हवी.

संख्या जुळली तरी चूक असू शकते. एका रक्तदाबाच्या गोळीच्या दोन बॅच घ्या. संगणक म्हणतो पहिल्या बॅचच्या ९० स्ट्रिपा आणि दुसरीच्या ६०. रॅकवर पहिलीच्या ५० आणि दुसरीच्या १०० निघतात. बेरीज दोन्हीकडे दीडशे. पाठवताना मुलाने समोरची स्ट्रिप उचलली आणि बिलावर संगणकाने सुचवलेली दुसरी बॅच गेली, एवढेच झाले. पैशांत तोटा शून्य. पण केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढते, ती बॅच क्रमांकासह. त्यातली बॅच बाजारातून परत बोलवायची वेळ आली तर या विक्रेत्याची बिले चुकीच्या दुकानांकडे बोट दाखवतील आणि खरी खराब पट्टी कुणाच्या तरी कपाटात तशीच राहील. अशा फरकाला दोन चुका धरायलाच हव्यात, प्रत्येक बॅचची एक.

याच कारणाने केवळ रुपयांतली अचूकता पुरेशी नाही. एका औषधाचा ४,००० रुपयांचा माल कमी आणि दुसऱ्याचा ३,८०० रुपयांचा जास्त निघाला, तर निव्वळ फरक २०० रुपये येतो. दोन कोटींच्या साठ्यात हे २०० रुपये दिसतही नाहीत आणि '९९.९९९ टक्के' असा झकास आकडा तयार होतो. ताळेबंदाच्या दृष्टीने तो खोटा नाही. कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालासाठीचा २०२० चा केंद्र सरकारचा आदेशही मालाच्या प्रत्येक प्रकारात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत निघाली का आणि तिची नोंद नीट घेतली का, एवढेच विचारतो. लेखापरीक्षकाला हिशेबाचे चित्र हवे असते. ज्याला दुकानदाराला 'आहे' म्हणून सांगायचे आहे त्याच्यासाठी दोन नोंदी चुकल्या आहेत, आणि त्या एकमेकींना फेडत नाहीत. रुपयांत मोजायचेच असेल तर कमी-जास्त यांची वजाबाकी न करता दोन्ही फरक एकत्र मिळवावेत. इथे ते ७,८०० होतात.

आपल्या गोदामातली मोजणी संपली. अ मधल्या ६० पैकी ३ नोंदी चुकल्या, ब मधल्या ४० पैकी ४ आणि क मधल्या ५० पैकी १०. एकूण १५० पैकी १७.

इथे हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो. १७ भागिले १५०, म्हणजे ११.३ टक्के चूक, अचूकता सुमारे ८९ टक्के. हे उत्तर चुकीचे आहे. अ वर्ग संख्येने लहान असूनही नमुन्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि तोच सर्वांत नीटनेटका आहे. त्याने सरासरी वर ओढली. योग्य रीत अशी की प्रत्येक वर्गाचा चुकीचा दर त्या वर्गाच्या एकूण नोंदींना लावायचा. अ मध्ये ५ टक्के म्हणजे ३०० पैकी अंदाजे १५ नोंदी चुकीच्या. ब मध्ये १० टक्के, म्हणजे ८०. क मध्ये २० टक्के, म्हणजे ५००. बेरीज ५९५, आणि ३,६०० मध्ये ती १६.५ टक्के भरते. गोदामातल्या सहापैकी एक नोंद चुकलेली आहे. त्याच कागदावरच्या त्याच सतरा चुका, पण 'नवातली एक' आणि 'सहातली एक' यांत कामाचा फरक आहे.

तरीही १६.५ हा अंदाज आहे. चिठ्ठ्या दुसऱ्या निघाल्या असत्या तर आकडा थोडा वेगळा आला असता. किती वेगळा, याचे गणित संख्याशास्त्र देते आणि ते साधारण माणसाला चकित करणारे असते. अ वर्गात ६० पैकी ३ चुकल्या म्हणजे खरा दर ५ टक्के असे ठामपणे म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की तो सुमारे पावणेदोन ते पावणेचौदा टक्क्यांच्या दरम्यान असावा. मालकाने 'अ वर्गात ९५ टक्के अचूकता गाठली' म्हणून पेढे वाटले तर ते घाईचे होईल, आणि स्टोअरकीपरला झापले तर तेही. हा पट्टा निम्मा करायचा तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

एकही चूक सापडली नाही तर? अशा वेळी मोह मोठा असतो. त्यासाठी एक सोपा आडाखा आहे: ३ ला नमुन्याच्या संख्येने भागा. ६० नोंदी मोजल्या, सगळ्या जुळल्या, तर ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. खरा दर तिथपर्यंत असू शकतो आणि तरी नमुना स्वच्छ निघू शकतो.

या आडाख्यातूनच लक्ष्य आणि नमुना यांचे नाते उघड होते. अ वर्गासाठी ९८ टक्के अचूकतेचे लक्ष्य ठेवले, म्हणजे चूक २ टक्क्यांच्या आत हवी. हे गाठले की नाही ते ६० नोंदी मोजून कधीच कळणार नाही, अगदी एकही चूक न निघाली तरी. ३ भागिले २ टक्के म्हणजे दीडशे नोंदी लागतील आणि त्या सगळ्या जुळाव्या लागतील. मुळात वर्गच ३०० नोंदींचा असल्याने थोडी सवलत मिळून सुमारे १२० पुरतील, पण तेवढे मोजायचे तर सगळाच अ वर्ग का मोजू नये? रोज ५ नोंदी मोजल्या तर ६० कामाच्या दिवसांत पूर्ण ३०० होतात, सकाळी बिलिंग सुरू होण्याआधी अर्ध्या तासाचे काम. तिमाहीतून एकदा प्रत्येक महाग नोंद डोळ्यांखालून जाते आणि अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. लहान आणि महाग वर्गासाठी नमुन्यापेक्षा ही फिरती मोजणी उजवी आहे, आणि नमुन्याचे शास्त्र ब व क वर्गासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

एकूण गोदामाला एकच लक्ष्य देण्याची पद्धत सोडून द्यावी, हे या गणितावरून पटण्यासारखे आहे. '९५ टक्के' असे एकच लक्ष्य दिले तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे संख्येने मोठ्या क वर्गावर मेहनत करणे आणि अ वर्गाकडे दुर्लक्ष करणे. त्यापेक्षा अ साठी ९८, ब साठी ९५, क साठी ९० असे वेगळे आकडे बरे. तेही आजच्या स्थितीकडे पाहून. क वर्ग आज ८० वर आहे. त्याला पुढच्या महिन्यात ९९ वर नेण्याचा हुकूम दिला तर माल सुधारत नाही, आकडे सुधारतात. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी 'ॲडजस्टमेंट'च्या नोंदी अचानक वाढतात, कागदावर सगळ्या संख्या गोल यायला लागतात, आणि मोजणीचा वेळ निम्म्यावर येतो. या तीन खुणा दिसल्या तर टक्केवारीवर विश्वास ठेवू नये. यावर तोडगा म्हणजे रॅक सांभाळणाऱ्याने स्वतःच्या रॅकची मोजणी न करणे आणि नमुन्याची यादी मोजणीच्या सकाळीच काढणे. भारतीय रेल्वेत भांडारातला साठा पडताळणारे 'स्टॉक व्हेरिफायर' भांडार विभागाचे नसतात, लेखा विभागाचे असतात, ते याचसाठी.

लक्ष्य गाठायचे तर त्या सतरा चुकांकडे एकेक करून पाहावे लागते. आपल्या गोदामात त्यांची विल्हेवाट अशी लागली. सहा चुका स्कीमच्या मालाच्या होत्या. कंपनी दहा स्ट्रिपांवर एक फुकट देते, आवक नोंदवणारा दहाच चढवतो, आणि अकरावी रॅकवर बिननोंदीची पडून राहते. पुढे दुकानदाराला फुकटची स्ट्रिप दिली की उलट दिशेने तीच चूक होते. चार चुका एककाच्या होत्या. दहा स्ट्रिपांची एक पेटी, आवक करताना पाच पेट्यांच्या जागी '५' टाकले आणि संगणक स्ट्रिपांत मोजतो, म्हणून पन्नासच्या जागी पाच. तीन बॅचच्या अदलाबदलीच्या. दोन नोंदींतला माल मुदत संपत आल्याने परतीच्या खोक्यात गेला होता, पण संगणकावर तो अजून विकाऊ साठ्यात होता. आणि दोनांचा पत्ता लागला नाही.

चोरीचा संशय बहुधा सगळ्यात आधी येतो, पण सतरापैकी पंधरा चुका कागदाच्या निघाल्या. त्यांतल्या दहा, म्हणजे स्कीमच्या आणि एककाच्या, एकाच टेबलावर होतात, आवक नोंदवण्याच्या. फुकटच्या मालाचा रकाना भरल्याशिवाय बिल पुढे जाणार नाही अशी सोय संगणकात केली आणि आवकेचा एकक पेटीऐवजी स्ट्रिप असा पक्का केला, तर मोजणाऱ्यांची संख्या न वाढवता चुकीचा मोठा भाग कमी होऊ शकतो. ज्या नोंदी नमुन्यात चुकलेल्या निघाल्या त्या दुरुस्त करायच्याच, पण टक्केवारी दुरुस्तीआधीचीच लिहायची. दुरुस्तीनंतर ती मोजली तर प्रत्येक गोदाम शंभर टक्के अचूक ठरेल.

पुढच्या महिन्यात क वर्गातून नव्या ५० नोंदी चिठ्ठीने काढल्या आणि ५ चुकलेल्या निघाल्या. २० टक्क्यांवरून १० वर. आवकेच्या टेबलावरचा बदल लागू पडला, असे जाहीर करावे का? अजून नाही. ५० च्या नमुन्यात एवढा फरक नुसत्या चिठ्ठ्यांच्या फेराने येण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते. आणखी दोन महिने थांबून तीनही महिन्यांच्या मिळून १५० नोंदींत १५ च्या आसपास चुका निघाल्या, तर खरा दर साधारण ६ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान आहे असे म्हणता येईल. तो पट्टा २० टक्क्यांच्या खाली आहे. बदलाचा परिणाम झाल्याचा तो चांगला पुरावा ठरेल, तरी ९० टक्क्यांचे लक्ष्य गाठले असे त्यावरून म्हणता येणार नाही.

म्हणून महिन्याच्या अहवालात एका टक्केवारीऐवजी चार गोष्टी लिहिलेल्या बऱ्या: प्रत्येक वर्गातून किती नोंदी कशा निवडल्या, त्यांतल्या किती चुकल्या, खरा दर कोणत्या पट्ट्यात असू शकतो आणि चुकांची कारणे कोणती. ज्या दोन नोंदींचा पत्ता लागला नाही त्या अहवालात तशाच, औषधाच्या नावासह आणि बॅचसह राहाव्यात. पुढच्या तीन महिन्यांत त्याच रॅकमधून आणखी तशाच दोन निघाल्या, तर पाहायची जागा कोणती हे आधीच लिहिलेले असेल.